कूळ की मजूर

तिला सगळे ठसका म्हणत. बोलण्यात ठसका होता म्हणून, आणि समोरच्याला तो लागायचाच म्हणून. तिचा नवरा मात्र शांत. दोघं मिळून उतारावरची एक जमीन निम्म्या वाट्याने कसत होते. मालक म्हातारा होता. बियाणं आणि खत निम्मं तो द्यायचा, कष्ट या दोघांचे, आणि खळ्यावर आलेलं धान्य अर्धं अर्धं. कागद कधी झाला नाही. म्हाताऱ्याचा शब्द होता आणि तो पाळायचाही.

लग्न होऊन ती आली तेव्हा त्या उतारावरून माती दरवर्षी वाहून जायची. तिने दगड रचून बांध घातले. पाठीचा कणा वाकला तेव्हा कुठे माती थांबली आणि गहू कमरेपर्यंत येऊ लागला.

म्हातारा वारला आणि त्याचा मुलगा शहरातून आला. गहू ओंबीवर होता. मुलाने ओट्यावर बसून एक छापील कागद पुढे केला.

"आता वाटा वगैरे नको. दरवर्षी ठरलेला खंड द्या, पीक येवो न येवो. सही करा, म्हणजे झालं."

नवऱ्याने पेन हातात घेतलं होतं. ठसक्याने ते काढून घेतलं.

"वाचून दाखवा आधी."

मुलगा भराभर वाचू लागला. मधेच एक वाक्य तो घाईने गिळणार होता, तिने परत वाचायला लावलं. त्यात होतं की हे दोघं रोजंदारीवरचे मजूर असून जमिनीवर त्यांचा कसलाही हक्क नाही.

"मजूर असू तर मजुरी द्या," ती म्हणाली. "मजुराकडूनच खंड घेणारा मालक मी अजून पाहिला नाही."

"अहो, ही फक्त पद्धत असते."

"असेल. आमची नाही."

"मग शेत मोकळं करा."

तो उठून गेला. नवरा रात्रभर कुशी बदलत राहिला. "अगं, त्याची जमीन आहे," तो शेवटी म्हणाला. "आपण कोण?" त्या प्रश्नाचाच तिला जास्त राग आला.

आठवड्याच्या आत ट्रॅक्टर आला. उभा गहू नांगरून शेत ताब्यात घ्यायचा बेत होता. ठसका बांधावरून उतरली आणि चाकांपुढे गव्हातच मांडी घालून बसली. ट्रॅक्टरवाला ओळखीचा होता.

"वहिनी, उठा ना. माझं पोट आहे यावर."

"माझंही आहे. तुझ्या चाकांखालीच आहे."

त्याने इंजिन बंद केलं, बिडी पेटवली आणि ती संपल्यावर ट्रॅक्टर मागे वळवला.

त्याच दिवशी ती नवऱ्याला ओढतच महसूल कचेरीत घेऊन गेली. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "नांगरट कोण करतं? बुडालं तर नुकसान कोणाचं?"

"नांगरट आम्हीच," ठसका म्हणाली. "आणि बुडालं तर निम्मं आमचं."

"मग तुम्ही कूळ आहात. वाट्याने कसणाराही कूळच असतो, करार तोंडी असला तरी. मालकाला जमीन हवी असेल तर त्याने नोटीस द्यायची, कारण सिद्ध करायचं, आमचा हुकूम आणायचा. ट्रॅक्टर आणून चालत नाही. पण तुम्ही कसता, हे आम्हाला पाहावं लागेल."

बाई स्वतः शेतावर आल्या. शेजारच्या शेतकऱ्यांना बांधावर बोलावून एकेकाला विचारलं. दोघांनी मालकाच्या भीतीने तोंड फिरवलं. तिसऱ्याने, ज्याच्याशी ठसक्याचं पाण्यावरून वर्षानुवर्षं भांडण होतं, त्याने चिडूनच सांगितलं, "हीच कसते. हिच्यामुळे मला पाणी वळवता येत नाही, मला नाही माहीत असणार?"

सुनावणी होईपर्यंत कोणी हात लावू नये, असा मनाई हुकूम निघाला. सुनावणीत मालकाला जमीन परत मागण्याचं एकही कारण सांगता आलं नाही, आणि कूळ म्हणून तिचं व नवऱ्याचं नाव नोंदलं गेलं.

मुलगा त्यानंतर नरमला, पण खंडाचा हट्ट सुटेना. ठसका म्हणाली, "देते खंड. मुदत काही वर्षांची लिहा, पीक गेलं तर सूट लिहा, आणि मी घातलेल्या बांधांची किंमत, कधी उठवलंत तर द्यायची, तीही लिहा."

"हे तर मलाच बांधून घेणं झालं."

"मग वाटाच बरा."

वाटाच राहिला. पुढच्या हंगामात ऐन कापणीला गारपीट झाली. खळ्यावर ढीग इतका लहान की पाहून नवऱ्याने मान खाली घातली. मुलगा आपला वाटा न्यायला आला आणि ढिगाकडे बघतच राहिला.

"एवढंच?"

"एवढंच," ठसका सुपाने मोजत म्हणाली. "तुमच्या त्या कागदातला खंड असता तर हे सगळं तुम्ही नेलं असतं आणि वर आणखी मागितलं असतं. आज तुमचंही बुडालंय. पोतं धरा."

त्याने पोत्याचं तोंड धरलं.