सरासरी एक पैसा

संख्याशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली आणि त्या तीस वर्षांत मी एकदाही बाजारातला शेअर विकत घेतला नाही. संगणकाची भाषा शिकू लागले ती निवृत्तीनंतर, तीही यवतमाळच्या घरात दार लावून, कारण माझ्या वयाच्या बाईला कंसाची जागा चुकल्याबद्दल यंत्राने लाल अक्षरांत बोल लावावा, हे शेजाऱ्यांनी पाहू नये असे मला वाटे. सहा महिन्यांनी मला फायली उघडून त्यांतल्या आकड्यांची सरासरी काढता येऊ लागली. या विद्येची जाहिरात मी केली नव्हती. तरीही ती दिग्रसपर्यंत पोहोचली.

दिग्रसला माझा एक जुना विद्यार्थी कापसाची दलाली करतो. त्याचे घर गावाबाहेर बंजारा तांड्यावर आहे. हंगामात तो जिनिंग कारखान्याच्या फाटकावर उभा असतो आणि हंगाम नसताना संगणकापुढे. त्याने स्वतः एक प्रोग्राम लिहिला होता. तो प्रोग्राम एका मध्यम कंपनीच्या शेअरवर नजर ठेवी, सकाळी ठरावीक खूण दिसली की शंभर शेअर विकत घेई आणि दुपारी विकून टाकी. माणसाने बटण दाबायची गरज नसे. तो मला फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमी फक्त स्लिपेज मोजून द्या. बाकी मी पाहून घेतो."

स्लिपेज म्हणजे काय, हे मी त्याच्याकडूनच शिकले. प्रोग्राम निर्णय घेतो त्या क्षणी पडद्यावर एक भाव असतो, तो अपेक्षित भाव. ऑर्डर बाजारात जाऊन पुरी होते तेव्हा मिळतो तो प्रत्यक्ष भाव. कधीकधी शंभर शेअर तीन तुकड्यांत मिळतात आणि प्रत्येक तुकड्याचा भाव वेगळा असतो. अशा वेळी नगानुसार भारित सरासरी घ्यायची. या दोन भावांतला फरक म्हणजे स्लिपेज. प्रोग्राम दोन्ही भाव रोजच्या नोंदीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहून ठेवी. मला केवळ एक रकाना वाढवायचा होता.

मी तो वाढवला. प्रत्यक्ष वजा अपेक्षित. त्रेचाळीस दिवसांच्या शहाऐंशी ऑर्डरी होत्या, निम्म्या खरेदीच्या आणि निम्म्या विक्रीच्या. सरासरी आली एक पैसा. मी ती तीनदा काढली आणि तिन्ही वेळा एकच पैसा आला. माझ्या हातून संगणकावर झालेले हे पहिलेच उपयोगी काम होते, त्यामुळे मी त्याला जरा जास्तच नीटनेटके पत्र लिहिले.

त्या पत्राचा त्याच्यावर परिणाम झाला. निर्णयाच्या क्षणीच्या भावांनी मोजले तर प्रोग्राम दिवसाला शेअरमागे सरासरी एक रुपया सत्तर पैसे मिळवत होता. दलाली, कर वगैरे सत्तर पैसे जात. स्लिपेज एका ऑर्डरीला एक पैसा, म्हणजे दिवसाला दोन. उरले अठ्ठ्याण्णव पैसे. शंभर शेअरवर ही रक्कम फारशी नव्हती. म्हणून त्याने ठरवले की शंभराऐवजी पाच हजार शेअर घ्यायचे. त्यासाठी पैसे लागणार होते आणि ते त्याच्या आईच्या नावावर बँकेत ठेव म्हणून होते. त्यांची दोन एकर जमीन कालव्यात गेली होती, तिचा तो मोबदला. दुसरी जमीन आता उरली नव्हती.

"रविवारी या तुमी," तो शुक्रवारी फोनवर म्हणाला. "याडीले ठेव मोडाच्या फॉर्मवर सही कराची आहे. ते म्हणते, मास्तरीणबाई सांगतील तं करीन. एखादा ग्राफ-गिफ घेऊन या, तिले बरं वाटते." याडी म्हणजे आई. तांड्यावर तसेच म्हणतात.

शनिवारी दुपारी मी आलेख काढायला बसले. कोणत्या फरकाच्या किती ऑर्डरी आहेत, हे दाखवणारे उभे खांब काढायचे होते. माझी अपेक्षा होती की शून्याजवळ एक उंच ढीग दिसेल आणि दोन्ही बाजूंना तो उतरत जाईल. पडद्यावर दोन ढीग आले. एक शून्याच्या उजवीकडे, पन्नास-साठ पैशांच्या आसपास. दुसरा तितकाच डावीकडे. मधल्या जागेत, जिथे माझा एक पैसा राहत होता, तिथे जवळजवळ कुणीच नव्हते.

मी खरेदी आणि विक्री वेगळी केली. खरेदीत सरासरी अधिक छप्पन्न पैसे, विक्रीत उणे चोपन्न. खरेदी करताना भाव वर गेला तर आपले नुकसान आणि विक्री करताना खाली गेला तरीही आपलेच नुकसान. मी दोन नुकसाने विरुद्ध चिन्हांनी लिहून त्यांची बेरीज केली होती आणि ती एकमेकांत विरली होती. आधी मी घाबरून सगळी चिन्हेच काढून टाकली. तेही चूक होते, कारण काही ऑर्डरी खरोखरच आपल्या फायद्याने पुऱ्या झाल्या होत्या आणि चिन्ह काढताच त्यांचीही गणना नुकसानीत होत होती. मग विक्रीच्या ओळींनाच तेवढे उणे एकने गुणले. सरासरी आली पंचावन्न पैसे. दिवसाला दोन ऑर्डरी, म्हणजे एक रुपया दहा पैसे. एक सत्तरमधून सत्तर पैसे आणि एक रुपया दहा पैसे वजा केले. उत्तर उणे दहा पैसे.

हे त्याला फोनवर सांगता आले असते. मी दोनदा नंबर काढला. पण फोनवर मला चूक कबूल करता येत नाही. मला तर फोनवर गॅसची टाकीही नीट मागता येत नाही. म्हणून मी दोन पानांचे टिपण लिहिले, त्याला आलेख जोडला आणि ते कागद पर्समध्ये ठेवून रविवारी सकाळची दिग्रसची बस धरली. टिपण त्याच्या हाती द्यायचे, तो वाचेपर्यंत खिडकीबाहेर पाहायचे आणि मग परतीची बस धरायची, अशी माझी योजना होती.

बसस्टँडवर तो गाडी घेऊन आला होता. वाटेत तो एकटाच बोलत होता. तांड्यावर पोहोचलो तेव्हा त्याची आई अंगणात खाटेवर बसली होती. समोर स्टुलावर बँकेचा फॉर्म, त्यावर चष्मा आणि चष्म्यावर पेन. मला चहा आला. टिपण पर्समध्येच होते.

"याडी, ह्या मॅडमनं सगळं तपासलं," तो म्हणाला. "सरासरी एक पैसा फरक. एक! जिनिंगवाला क्विंटलमागं किती कापते, तुले तं माईत आहे."

आईने माझ्याकडे पाहिले. "बाई, तुमी बी लावले का याच्यात पैसे?"

"नाही. मी फक्त मोजते."

"मंग सांगा. करू सही?"

माझ्या योजनेत हा प्रश्न नव्हता. मी म्हणाले, "करू नका."

तो हसला. मी विनोद करत नाही, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"काय म्हणता मॅडम? एक पैसा तुमीच तं काढला."

"हो. मी चुकीचा काढला."

मी आलेख काढून त्याच्या हाती दिला. त्याने तो आधी उलटा धरला, मग सुलटा केला. आईने मलाच विचारले, "काय चुकलं, बाई?"

"घेताना दर शेअरमागे छप्पन्न पैसे जास्त गेले," मी म्हणाले. "विकताना चोपन्न पैसे कमी आले. मी एकातून दुसरे वजा केले."

"काहून?"

या 'का?'चे उत्तर टिपणाच्या दोन्ही पानांत नव्हते.

"दोनी तं आपलेच गेले," ती म्हणाली.

"हो. दोन्ही आपलेच गेले."

तो अजून आलेखाकडेच पाहत होता. "मॅडम, बी.एस्सी.ले याच्याचसाठी तुमी माहे दोन मार्क कापले होते. चिन्हं न पाहता सरासरी काढली म्हणून."

"योग्यच कापले होते," मी म्हणाले.

मग तो वाद घालू लागला आणि मला बरे वाटले, कारण वादात तरी मला काय बोलायचे ते ठाऊक असते. त्याचे म्हणणे, ऑर्डर मोठी केली की शेअरमागे दलाली कमी पडेल आणि तेवढ्याने उणे दहाचे अधिक होईल. मी म्हणाले, दलाली कमी होईल, पण शंभर शेअरच आज कधीकधी तीन तुकड्यांत मिळतात आणि प्रत्येक पुढचा तुकडा आधीच्यापेक्षा महाग असतो. पाच हजार घ्यायला गेलास तर त्या भावाला तेवढे विकणारे तरी बाजारात आहेत का? त्यावर तो म्हणाला, लॉगच चुकला असेल. मग लॅपटॉप आणून त्याने ब्रोकरकडून आलेल्या रोजच्या पावत्या उघडल्या. त्याच्या खात्यात इतरही शेअर होते, म्हणून हा प्रोग्राम स्वतः काय कमावतो हे एकूण रकमेवरून कधी कळलेच नव्हते. पावत्यांमधून त्याने त्रेचाळीस दिवसांचे व्यवहार वेगळे काढून बेरीज केली. तोटा चारशे तीस रुपये. शंभर शेअर, त्रेचाळीस दिवस, दहा पैसे.

"पाच हजारावर किती गेले असते?" आईने विचारले.

"आता राहू दे न याडी."

"मी विचारून राह्यली."

"याच हिशेबाने पन्नास पट," मी म्हणाले. "बहुधा त्याहून जास्त."

आईने चष्मा आणि पेन बाजूला ठेवले, फॉर्मची घडी घातली आणि ती मुलाच्या हाती न देता स्वतःच्या पोलक्यात ठेवली. मग ती भाकरी टाकायला आत गेली. जेवताना कुणीच भावाचा विषय काढला नाही. मला वाढताना मात्र तिने एक भाकरी जास्त वाढली आणि मी नको म्हटले तेव्हा ऐकले नाही.

परतीच्या बसपर्यंत त्याने मला गाडीने सोडले. बस सुटताना खिडकीशी येऊन म्हणाला, "मॅडम, शुक्रवारीच सांगतलं असतं तं मी याडीपुढं फॉर्म ठेवलाच नसता."

"शुक्रवारी मला माहीत नव्हते."

"मंग शनिवारी?"

शनिवारबद्दल मी त्याला खरे ते सांगितले, की मला फोन करायची लाज वाटली. त्याने मान डोलावली. माझ्या वर्गात तो तीन वर्षे होता, त्याला हे नवीन नव्हते.

ठेव आईने पुन्हा पाच वर्षांसाठी ठेवली. प्रोग्राम तो आता दहा शेअरवर चालवतो आणि ठरवलेल्या भावापेक्षा एक पैसाही जास्त द्यायचा नाही, अशी अट घालून ऑर्डर पाठवतो. त्यामुळे काही दिवशी ऑर्डर पुरीच होत नाही. भाव निघून जातो आणि ओळीत अपेक्षित भावासमोर प्रत्यक्ष भावाची जागा रिकामी राहते. परवा त्याने विचारले, "अशा दिवशी स्लिपेज काय लिहू? शून्य टाकू?"

मी म्हणाले, "नको. रिकामीच ठेव, आणि भाव किती दूर गेला ते बाजूला लिही. शून्य टाकलेस तर सरासरी छान दिसेल."

तो म्हणाला, "टाकले होते. पुसतो."