दिलशाद फोटो सांगते

लातुरात अंधांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी एक छोटी संस्था आहे. तिथं दिलशाद फोटो सांगायचं काम करते. सांगायचं म्हणजे अक्षरशः सांगायचं. शाळेच्या पुस्तकातली चित्रं असोत, की कुणा सभासदानं मोबाइलवर पाठवलेला लग्नाचा फोटो असो, त्यात काय आहे ते ती आपल्या आवाजात भरून परत पाठवते. मोबाइल आता आपण होऊन फोटो वाचतो म्हणे, पण तो मामाला खांब आणि म्हशीला मोटार म्हणतो. लोकांचा भरवसा दिलशादवर.

हा भरवसा काही पहिल्या दिवसापासून नव्हता. सुरुवातीला ही बाई भारी रंगवून सांगायची. एकदा उदगीरच्या एका दृष्टिहीन बापाला तिनं त्याच्या लेकीचा फोटो सांगितला, ‘नवरी लाजून खाली बघतीय.’ बापानं फोन केला आणि शांतपणे विचारलं, लाजून बघतीय हे कशावरून? रडत असली तर? दिलशादनं फोटो पुन्हा उघडला. मान खाली, पदर कपाळापर्यंत, डोळे दिसतच नव्हते. लाज तिनं पदरची घातली होती.

तेव्हापासून तिनं पद्धत बांधून घेतली. आधी ‘दिसतंय’ म्हणून जेवढं डोळ्याला दिसतं तेवढंच. मग थोडं थांबायचं आणि ‘वाटतंय’ म्हणून अंदाज, तोही कारणासकट. कारण सापडत नसेल तर अंदाज पोटात ठेवायचा. फोटो अंधुक असेल तर अंधुक आहे म्हणायचं, आणि फोटोखाली कुणी काही लिहिलं असेल तर ते लिहिणाऱ्याच्या नावावर टाकायचं, आपल्या नाही. घरी नवरा तय्यब चिडवायचा, भाजीत मीठ जास्त आहे हे दिसतंय की वाटतंय? ती म्हणायची, खाऊन सांग, मग ठरवू.

नायगावच्या महादेवीमावशी तिच्या जुन्या सभासद. बाजारात शिवणकामाचं दुकान होतं त्यांचं. काचबिंदूनं नजर गेली तरी बटणं लावणं, काज करणं, उसवलेलं टाचणं हातांनी सोडलं नव्हतं. एकुलता लेक वीरेश, एकतीस वर्षांचा, टेम्पो चालवायचा. मावशी त्याचे फोटो मुद्दाम पाठवायच्या आणि विचारायच्या, वाळला का गं, दाढी केली का. दिलशादनं त्याला कधी समोर पाहिलं नव्हतं, पण त्याच्या कानाखालचा तीळसुद्धा तिला पाठ होता.

हा वीरेश गेल्या पावसाळ्यात घरातून निघून गेला. टेम्पोचं काम सोडलं म्हणून मावशी बोलल्या, तोही बोलला. जाता जाता म्हणाला, ‘तुला काय दिसतंय, घरात बसून?’ आंधळ्या आईला लेकानं म्हणायचं हे वाक्य नव्हे. पण रागात माणूस हाताला लागेल ते फेकतो. त्यानंतर त्याचा फोन बंद. पोलिसांत नोंद झाली, नातेवाइकांत शोध झाला, आणि मावशी ते एक वाक्य उशाशी घेऊन झोपू लागल्या. पोरगं रुसलंय, राग उतरला की येईल, असं दिलशादला त्या दर आठवड्याला सांगायच्या आणि दिलशाद हो म्हणायची.

संक्रांतीच्या सुमारास मावशींचा फोन आला. बिलोलीकडं एका ठाण्याच्या हद्दीत पावसाळ्यातच नदीकाठी एक बेवारस प्रेत सापडलं होतं. त्याच्या कपड्यांचा फोटो कुठून कुठून फिरत आता पुतण्याच्या, मल्लिनाथच्या, मोबाइलवर आला होता. खाली लिहिलेलं, ‘अंदाजे वय पन्नास, अंगात राखाडी शर्ट.’ मल्लिनाथनं वाचलं आणि सुटकेचा निःश्वास टाकला. वीरेश एकतीसचा आणि घरातून निघाला तो आकाशी शर्टावर. झालं, आपला नव्हे. लिहिणाऱ्यानं ‘अंदाजे’ लिहिलं होतं. वाचणाऱ्यानं तेवढाच शब्द गिळला. पाण्यात राहिलेल्या देहाचं वय बाहेरून भल्याभल्यांना ठरवता येत नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार.

मावशींचं मात्र समाधान झालं नव्हतं. ‘मल्लिनाथ न्हाई म्हणून राहिला,’ त्या म्हणाल्या. ‘कशावरून न्हाई ते सांगना. तू सांग पोरी. दिसतं तेवढं सांग.’

दिलशादनं फोटो उघडला. प्लास्टिकच्या कागदावर पसरलेला शर्ट, बाजूला पँट, वरून ट्यूबलाइटचा उजेड. तिला मनापासून वाटत होतं की हा शर्ट वीरेशचा नसावा. आणि खोटं कशाला बोला, तिला तसं सांगूनही टाकायचं होतं. तिनं आवाज भरायला घेतला. शर्ट राखाडी, अर्ध्या बाहीचा, बाहीवर मातीचे डाग, दुसऱ्या बटणाला चिखल लागलाय. भरून झाल्यावर सवयीनं एकदा ऐकला, आणि चिखलापाशी ती अडकली.

चिखल कशावरून? बाहीवर होता म्हणून बटणालाही तिनं तोच लावून टाकला होता. तिनं फोटो मोठा केला. फार मोठा केला की नुसते चौकोन दिसायला लागत, म्हणून बेतानं केला. बाकीची बटणं कापडाला चिकटून सपाट होती. हे एक एका अंगाला कललेलं होतं आणि त्याच्या बुडाशी गडद, जाड असं काहीतरी होतं. बाहीवरचे डाग वेडेवाकडे पसरलेले. याची कड साफ होती.

तय्यब मागं उभा राहून बघत होता. बटणाचं सांगूच नको, असं त्याचं म्हणणं. म्हातारी आशेवर जगतेय, तिला कशाला ढवळतेस, आणि असेल चिखलच. त्याचं मन वाईट नव्हतं. पण दिलशाद त्याच्यावर इतकी भडकली की बिचारा स्वयंपाकघरात जाऊन बसला. राग खरं तर त्याच्यावर नव्हताच. तिला स्वतःलाच तो चिखल हवा होता, म्हणून ती चिडली होती.

तिनं पहिला आवाज पुसला आणि दुसरा भरला.

‘मावशी, आधी दिसतंय ते सांगते. फोटोत माणूस नाही, नुसते कपडे आहेत. अर्ध्या बाहीचा शर्ट. या उजेडात तो राखाडी दिसतोय. बाहीवर मातीच्या रंगाचे डाग आहेत. वरून दुसरं बटण कललेलं आहे आणि त्याच्या बुडाशी गडद, जाड काहीतरी आहे. पन्नास वय खाली कुणीतरी लिहिलंय, ते फोटोत कुठंही दिसत नाही.’ इथं ती थांबली. ‘आता वाटतंय ते. मूळ रंग वेगळा असू शकतो, कारण अशा उजेडात आणि मळल्यावर फिका रंग राखाडी दिसतो. बटणाच्या बुडाशी चिखल असेल, कारण बाहीवर आहे. पण त्याची कड साफ आहे, म्हणून गुंडाळलेला दोराही असू शकतो. दोन्हीतलं काय ते या फोटोवरून मला ठरवता येत नाही. शर्ट कुणाचा तेही सांगता येत नाही.’

पाठवलं आणि ती मोबाइल हातात धरून बसून राहिली. मावशींचा फोन लगेच आला. बटण वरून दुसरंच का, तिसरं तर नव्हे, एवढंच त्यांनी विचारलं. दुसरंच, दिलशाद म्हणाली. मग मावशी म्हणाल्या, ‘वीरेशच्या शर्टाचं दुसरं बटण मीच लावलं हुतं. दिसंना झाल्यापासनं मी बटणाच्या बुडाला लई येढे देते. पक्कं बसलं का ते हाताला कळाया पायजे म्हणून.’

दुसऱ्या दिवशी दिलशाद एस.टी.नं नायगावला पोचली, आणि तिथून मावशी, मल्लिनाथ आणि ती असे तिघं ठाण्यात गेले. प्रेताचं दफन कधीच होऊन गेलं होतं. कपडे मात्र पुडक्यात बांधून ठेवले होते. जमादार भला माणूस होता. त्यानं पंचांसमोर पुडकं सोडलं, स्वतः खुर्ची दिली. नुसत्या कपड्यांवर ओळख पटल्याचा कागद होत नाही, आईचं रक्त घेऊन तपासणीला पाठवावं लागेल, असंही त्यानं समजावून सांगितलं. मावशींनी मान हलवली. त्यांचं लक्ष कुठं होतं त्यात.

शर्ट मांडीवर आल्यावर त्यांनी आधी कॉलर चाचपली, मग पट्टीवरून बोट खाली आणलं. पहिलं बटण. दुसरं. तिथं बोटं थांबली. अंगठा आणि तर्जनीत बटण धरून त्यांनी ते फिरवून बघितलं, जसं आयुष्यभर गिऱ्हाइकाला कपडा द्यायच्या आधी बघत आल्या होत्या. मल्लिनाथ भिंतीकडं तोंड करून रडायला लागला. पावसाळ्यातच फोटो आला असता तर, वय लिहिलं नसतं तर, असलं काहीबाही तो बोलत होता. मावशींनी त्याला जवळ बोलावून बसवलं.

त्या रडल्या नाहीत. दिलशादला वाटलं, आता त्या विचारतील की पोराला फार त्रास झाला का. फायलीत चेहऱ्याचा फोटो होता, जमादारानं तो पालथा घातला होता. झोपल्यासारखा दिसतोय असं म्हणायचं, तिनं ठरवून टाकलं. पद्धत गेली खड्ड्यात. या बाईसाठी ती एवढं खोटं बोलणार होती.

पण मावशींनी ते विचारलंच नाही. शर्ट दिलशादच्या हातात देत त्या म्हणाल्या, ‘ह्याचा रंग सांग. आता जवळून बघ आन् सांग.’

दिलशादनं शर्ट खिडकीपाशी, उन्हात नेला. शिवणीची घडी उलटून बघितली. आत मूळ रंग तसाच होता.

‘आकाशी आहे, मावशी. दिसतंय.’

‘आन् बटणाचा दोरा?’

फोटोत जे नुसतं गडद होतं, ते उन्हात लख्ख दिसत होतं. चारचौघांत कुणाच्याही डोळ्यांत भरेल असं.

‘लाल,’ ती म्हणाली.

‘लाल?’ मावशींनी हात पुढं केला, शर्ट परत घेतला आणि ते बटण पुन्हा चिमटीत धरलं. ‘आकाशी शर्टाला लाल दोरा लावला व्हय मी?’

मावशींचा आवाज पहिल्यांदाच फुटला.

‘वरीसभर तसाच घालून हिंडला गं. मला बोलला न्हाई कधी.’