आईंचं भजन

नवरा अंबरनाथच्या कारखान्यात मेंटेनन्सला. मशीन कधी बंद ठेवायचं हे तो आधीच ठरवतो. मूल हवं म्हणून प्रयत्न करून दोन वर्षं झाली, तेव्हा त्यानं माझ्या पाळीचंही तसंच वेळापत्रक केलं. मागच्या चार पाळ्यांमधलं अंतर एकोणतीस, त्रेचाळीस, चौतीस, अडतीस दिवस. सरासरी छत्तीस. त्यातून चौदा वजा, म्हणजे बाविसावा दिवस. कॅलेंडरवर लाल गोल.

बदलापूरला आमचं वन रूम किचन, त्यात सासूबाई. त्यामुळे लाल गोल आला की हा नाइट शिफ्ट बदलून घ्यायचा आणि आईंना बहिणीकडे जांभूळला धाडायचा. "मावशीला बरं वाटत नाही," म्हणायचा. मावशी दर महिन्याला आजारी. आई मुकाट्यानं पिशवी भरायच्या.

पाळी मात्र यायचीच. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे, आणि बाहेर येऊन त्याच्यावर खेकसायचे.

शेवटी उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. ह्याला सुट्टी नव्हती, म्हणून सोबत आई. बाईंनी ह्याच्या हिशोबाचा कागद बघितला आणि हसल्याच.

"बेटा, छत्तीस दिवसांची पाळी तुला एकदा तरी आली का? बीज बाहेर पडतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी. एकोणतीसवाल्या महिन्यात पंधराव्याच्या आसपास, त्रेचाळीसवाल्यात एकोणतिसाव्याच्या. तुमचा बाविसावा दोन्हीकडे हुकला. आणि पुढची पाळी कधी येणार हे आधी कोणाला ठाऊक?"

थायरॉइड वगैरे तपासण्या लिहून दिल्या. मग म्हणाल्या, "बीज जेमतेम एक दिवस टिकतं, पुरुषाचं पाच दिवसांपर्यंत. म्हणून तारीख सोडा. महिनाभर दर दोन-तीन दिवसांनी जवळ या. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, ताणला जाणारा स्राव दिसला, तर ते दिवस चुकवू नका."

शेजारी आई! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तो स्राव मला बरेचदा दिसायचा, तेव्हा नेमकी ह्याची नाइट आणि आई घरात. मावशी तेवढी ठणठणीत असायची.

रिक्षात आई बाहेर बघत होत्या. घर आल्यावर म्हणाल्या, "अगं, मी देवळातल्या भजनी मंडळात नाव घालतेय. एक दिवसाआड, दोन तास. त्याची शिफ्ट बघून वेळ सांग."

आठ महिने त्या गेल्या. टाळ घेऊन, गुडघ्याला पट्टा बांधून. कॅलेंडरवर आता फक्त दुधाचा हिशोब होता.

एका सकाळी पट्टीवर दोन रेघा आल्या. नवरा कामावर होता, म्हणून पहिल्यांदा आईंनाच दाखवली. त्यांनी चष्मा लावून बघितली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

मग टाळ काढून माळ्यावर टाकायला दिले. म्हणाल्या, "सुटले बाई. मला गाता कुठं येतं?"