पोहणारा तीर

तिरंदाजी क्लबच्या लांबलचक शेडला शेवटी एक खोली जोडलेली आहे. दुपारी तिच्या टेबलावर उन्हाची एक पट्टी येऊन पडते आणि मांजरासारखी अंग ओढत दाराकडे सरकते. त्या पट्टीत बसून आत्या धनुष्यांच्या दोऱ्या वळतात. साठी ओलांडली, लग्न केलं नाही, आणि धनुष्याच्या बाबतीत नाकावर माशी बसू दिली नाही. भावाच्या मुलीमुळे त्या आत्या झाल्या. मग सगळा क्लबच त्यांना आत्या म्हणू लागला. वन्सं म्हणणारी मात्र एकच, भावाची बायको.

या दोघींचं घरात कधी पटलं नाही. भांडण असं नव्हे. एकीने डबा पुसून ठेवला की दुसरीने तो उचलून पुन्हा पुसायचा, एवढंच. पण तीस वर्षं. मग मुलगी नोकरीसाठी लांब गेली, वहिनींना घर खायला उठलं, आणि एका दुपारी त्या शेडच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "वन्सं, मला जमेल का हे?" आत्यांनी त्यांच्यासाठी एक धनुष्य तयार केलं, आणि तेव्हापासून दुपारी दोघी इथे. स्वयंपाकघरात जे शब्द दोघींच्या घशात अडकायचे, ते या शेडमध्ये आपसूक बाहेर येऊ लागले. आत्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही फारसं नाही.

वहिनींचा तीर मात्र सरळ जाईना. तो पोहायचा. शेपटी वर, शेपटी खाली, मासोळीसारखा हवेतून डुलत जायचा आणि लक्ष्यात कुठेही रुतायचा. तो पाहताना कधीकधी आत्यांचं भान हरपे. शेडमधली हवा हिरवट पाण्यासारखी वाटे, आणि तीर तिच्यातून अगदी निवांत चालल्यासारखा. पण दिसायला कितीही छान असो, असा तीर कामाचा नाही.

"धनुष्य चोख आहे," आत्या म्हणायच्या. "मी स्वतः मारून पाहिलंय. तुझा हात हलतो."

ही ओळ वहिनींनी घरीही ऐकली होती. पीठ चोख असायचं, शेगडी चोख असायची.

त्या दिवशी वहिनींनी धनुष्य खांद्यावरून उतरवलं आणि टेबलावर ठेवलं. "हे क्लबलाच राहू द्या, वन्सं. कुणी तरणी पोर वापरेल. उद्यापासून मी काही येत नाही."

"रागावलीस?"

"छे. हात हलतो ना माझा. हलत्या हाताला घरी पुष्कळ कामं आहेत."

आत्यांनी ते उचलून पुन्हा वहिनींच्या हातात दिलं. एवढंच म्हणाल्या, "जाशील गं. आधी कागद लावते. तुझ्या हाताने मार."

आजवर कागदाची परीक्षा आत्यांनीच दिली होती. धनुष्य तयार झालं की लाकडी चौकटीवर कागद ताणायचा, चार पावलांवर उभं राहून त्यातून तीर मारायचा, आणि भोक वाचायचं. टोक जिथून शिरतं तिथे गोल छिद्र, तीन पिसं जिथून जातात तिथे तीन चिरा. चिरा छिद्राभोवती नीट फुटल्या तर तीर सरळ गेला. चिरा वर सरकल्या तर शेपटी वर होती, खाली सरकल्या तर खाली. आत्यांच्या हातून नेहमी नीटच भोक पडे, म्हणून धनुष्य चोख.

वहिनींनी तीर सोडला. कागद टर्रकन फाटला. छिद्र खाली, आणि तिथून वर चांगली बोटभर चीर.

"शेपटी वर उडतेय," आत्या म्हणाल्या. "म्हणजे दोरीवरची गाठ उंच झाली."

दोरीवर तीर नेमका कुठे अडकवायचा ते दाखवायला दोऱ्याच्या दोन बारीक गाठी असतात, एक वर, एक खाली. आत्या त्या इतक्या नेटक्या बांधत की बोल्टवरच्या नटासारख्या फिरवून वरखाली करता येत. त्यांनी दोन्ही गाठी एकेक वेढा खाली उतरवल्या. वहिनींनी तीर मारला. चीर तेवढीच. आणखी एक वेढा खाली. आता चीर वाढली.

"बघा," वहिनी म्हणाल्या. आवाजात टोमणा नव्हता, नुसता थकवा होता. "हातच."

आत्यांच्या जिभेवर 'हो' आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि चौकटीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. फाटक्या कागदांमधून पलीकडचा उजेड येत होता, लांबट, वर निमुळता होत गेलेला. ढगातून पाहिल्यासारखी शेड दूर दूर वाटत होती. गाठ उंच असती तर खाली उतरवल्यावर चीर कमी व्हायला हवी होती. वाढली कशी? शेपटी वर जातेय खरी. पण आपणहून जातेय, की कुणी तिला वर उडवतंय?

"वहिनी, तुझ्या पर्समध्ये पावडर असेल ना?"

"चेहऱ्याची?"

"तिराची. आण इकडे."

तीर ज्या बारीक तारेवर टेकतो, त्या टेकूवर आणि तिराच्या मागच्या अर्ध्या भागावर आत्यांनी पावडर भुरभुरवली. "लग्नात मला लावली नाहीत एवढी," वहिनी पुटपुटल्या. तीर सुटला. आत्या वाकून बघत राहिल्या. टेकूवरची पावडर साफ उडाली होती, आणि तिराच्या पोटाला, पिसांच्या अलीकडे, घासल्याची एक काळी रेघ होती.

"आपटतोय," त्या हळूच म्हणाल्या. "शेपटी खाली दबून टेकूवर आपटते आणि तिथून उसळते. कागदाला फक्त उसळलेली दिसते. गाठ उंच नाही गं, आधीपासूनच खाली होती. मी आणखी खाली नेली."

"पण तुमचं भोक तर नीट यायचं."

"माझी बोटं वेगळी बसतात दोरीवर. तुझं पहिलं बोट तिरावर दाब देतं. आता या वयात त्याला कोण वळण लावणार? गाठच तुझ्याजोगी हवी होती." आत्यांनी चष्मा काढून पुसला. "मी धनुष्य माझ्या हाताला लावलं, आणि चूक तुझ्या हाताची काढली."

पावडरची डबी बंद केल्याचा टक आवाज झाला.

आत्यांनी गाठी वर फिरवल्या. उतरवलेले वेढे परत चढवले, त्यावर एक नवा. तीर. चीर निम्मी झाली. आणखी एक. तीर. आता नखाएवढी. मग अर्धा वेढा, श्वास रोखून. या वेळी कागद फाटल्याचा आवाजच वेगळा आला, फट् असा छोटासा. गोल छिद्र, आणि भोवती तीन चिरा, एखाद्या रानफुलासारख्या. एका भोकावर आत्यांचा विश्वास बसेना. त्यांनी आणखी तीर मारायला लावले. फुलंच उमटत गेली.

मग चौकट बाजूला ओढली आणि वहिनी लांबच्या रेषेवर गेल्या. तीर सुटला तेव्हा आत्यांना क्षणभर तो दिसलाच नाही. ना मासोळी, ना पाणी. नुसती एक सरळ ओढ, आणि पलीकडे धप्प.

"पोहायचा विसरला," वहिनी म्हणाल्या. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, ओळखीचं कुणी फार दिवसांनी भेटावं तसं.

ऊन दारापर्यंत पोचलं होतं. आत्या टेबलापाशी उभ्या राहिल्या, धनुष्य हातात घेऊन. गाठी अजून सुट्या होत्या. क्लबला ठेवायचं धनुष्य असलं तर त्या तशाच सोडतात. पुढचा माणूस आपल्या बोटांप्रमाणे फिरवून घेतो.

"वन्सं," वहिनी पिशवीत तीर भरत म्हणाल्या, "त्या गाठींवर गोंदाचा थेंब टाका. पक्क्या करा. उद्या येईपर्यंत वाळेल ना?"

"वाळेल," आत्या म्हणाल्या, आणि गोंदाची बाटली शोधू लागल्या. ती त्यांच्या समोरच होती.