पानाच्या माथ्यावरचा शब्द

आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी पोरगी इंग्रजी घेऊन एमए झालेली, बीएड झालेली, आणि दोन्ही डोळ्यांनी अधू. अधू म्हटलं की ती चिडते. "मावशी, आंधळी म्हणा. अधू म्हटलं की लोकांना वाटतं थोडं दिसतं, आणि मग खुर्ची सरकवत न्हाईत." मी आपली सातवीपर्यंत शिकलेली. इंग्रजी आलं ते आमच्या वह्या-पेनांच्या दुकानात गल्ल्यावर बसून, गिऱ्हाईक नसलं की पोरांची पुस्तकं चाळून. तेवढ्या भांडवलावर मी तिची वाचणारी झाले.

लातूरच्या एका शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा होती. याआधी दोन ठिकाणी तिला मुलाखतीतूनच परत पाठवलेलं. या वेळेस पाठ घ्यायला तरी बोलावलं होतं. पाठाचं साहित्य त्याच दिवशी सकाळी मोबाईलवर येईल, आधी कुणालाच मिळणार न्हाई, असं कळवलेलं. आम्ही नांदेडच्या स्टँडवरून एसटीत बसलो, लोहा मागं पडलं, तेव्हा फोन वाजला. शब्दकोशाच्या एका पानाचा फोटो, आणि खाली सूचना: सातवीच्या मराठी माध्यमाच्या मुलांना हे पान मराठीतून समजावून द्या.

पोरीनं आधी फोनलाच ते वाचायला लावलं. फोन म्हणजे शहाणाच! पानावर दोन रकाने, यानं ह्या रकान्यातली अर्धी ओळ आणि त्या रकान्यातली अर्धी ओळ जोडून वाचली. मग भाषांतर कर म्हटलं, तर मूळ शब्दाचंही मराठी करून टाकलं. उच्चाराच्या खुणांचं तर नुसतं कडबोळं.

"मूळ शब्दच गेला तर मुलं शोधणार काय?" ती म्हणाली. "मावशी, तुम्हीच वाचा. पण आहे त्याच क्रमानं. अर्थ आधी सांगायची घाई करू नका."

तिनं मांडीवर ब्रेलची पाटी घेतली, जाड कागद अडकवला, टोचणी धरली. मी बोटांनी फोटो मोठा केला. फोटो वाकडा काढलेला, खालची कड अंधारात.

"पहिला शब्द हार्नेस. ठळक अक्षरात. खाली, शांततेनं एकमेकांशी जमवून राहणं. मग तिरक्या अक्षरात एक वाक्य."

"तिरकं म्हणजे उदाहरण. ते इंग्रजीतच सांगा आधी, मराठी मागून."

"दे लिव्ह इन हार्मनी."

टोचणी थांबली. "शब्दाची जात? नाउन, व्हर्ब, काय लिहिलंय?"

"काही न्हाई. त्याच्याखाली पुन्हा हार्नेस आलाय. या वेळेस सगळं आहे. उच्चार, नाउन, घोड्याचा साज. मग व्हर्ब, एखादी ताकद कामाला जुंपणं. ते नदीचं पाणी विजेसाठी जुंपतात, असं उदाहरण."

"एकच शब्द दोनदा? आणि पहिल्याच्या उदाहरणात हार्नेस कुठंय?"

"मला काय विचारतीस? छापलंय तसं वाचून राहिले मी!" गाडी नुसती आदळत होती, अक्षरं नाचत होती. "कोशवाल्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं की."

ती टोचत राहिली. मला वाटलं, हाच शेवटचा दरवाजा आणि मी तिच्या अंगावर खेकसले. मग नरमाईनं उच्चार सांगायला घेतला. वर छोटी उभी रेघ, मग एच, मग एक वेगळाच ए, मग दोन टिंबं.

"रेघ एचच्या आधी की नंतर?"

"आधी."

"म्हणजे पहिल्या भागावर जोर. टिंबं म्हणजे आ लांब. हाऽर्निस." असं करत करत हार्श झाला, हार्वेस्ट झाला. हार्वेस्टलाही नाउन आणि व्हर्ब दोन्ही होते. ती प्रत्येकाला नाम, क्रियापद, विशेषण असं पूर्ण टोचून घेत होती. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं, तरी वरच्या हार्नेसचा उलगडा झाला न्हाई.

वर्गात मला मागच्या बाकावर बसू दिलं. बाजूला मुख्याध्यापिका बाई, आणि संस्थेचे एक गृहस्थ मांडीवर तो जाडजूड शब्दकोश घेऊन. मुलांकडे पानाच्या झेरॉक्स.

गृहस्थांनी सुरुवातीलाच विचारलं, "मॅडम, फळ्यावर लिहिणार कोण?"

"मुलं, सर. लिहितील ती, तर शिकतील ती."

एक मुलगी हसली. पोरीनं तिलाच उठवून पहिल्या ओळी वाचायला लावल्या. तिनं माझ्यासारखंच वाचलं: हार्नेस, आणि खाली दे लिव्ह इन हार्मनी. आता ही काय सांगणार? मी गाडीत तिला नीट विचारू तरी दिलं असतं तर!

"एक काम करा," ती म्हणाली. "उदाहरण ज्या शब्दाचं, तो शब्द उदाहरणात दिसायला पाहिजे. मागं एस-ईडीचं शेपूट लागलेलं असलं तरी चालंल. तिथं हार्नेस आहे का?"

"न्हाई मॅडम!"

"मग कोणता शब्द आहे?"

"हार्मनी!"

"तो पानावर ठळक अक्षरात कुठं आहे?"

कागदं सळसळली. कुणालाच सापडंना. गृहस्थ मान वर करून बघायला लागले.

"न्हाईच मॅडम. पहिलं पानच फाटलंय का?" एक पोरगा म्हणाला.

"फाटलं न्हाई रे. आधी ए, मग बी, असं कोशात असतं. हार्मनी हार्नेसच्या आधी येणार का नंतर?"

"आधी... मागच्या पानावर!"

"हाव! तो मागच्या पानावर सुरू झाला, त्याचा उच्चार तिथंच राहिला, नाम हे लेबल तिथंच राहिलं. शेवटच्या दोन ओळी इकडं आल्या. मग सगळ्यात वरचा हार्नेस कशासाठी छापलाय? त्याच्याखाली रेघ आहे का बघा."

"आहे!"

"ती पाटी आहे. गाडीच्या कपाळावर लावतात ना, तशी. या पानावर कुठून सुरू ते सांगायला."

मी फोन काढून बघितलं. बारीक रेघ होतीच, मला फोटोची घडी वाटलेली. ती तिला मी सांगितलीच नव्हती. गृहस्थांनी एक पान मागं उलटून खात्री करून घेतली.

पण सोडलं न्हाई. एका मुलीनं फळ्यावर हार्नेसचा उच्चार उतरवला, तेव्हा म्हणाले, "तिनं खूण कुठं काढली, तुम्हाला कसं कळणार?"

"सगळ्यांनी फळ्यावर आहे तसं म्हणा. उभी रेघ ज्याच्या आधी, त्या भागावर जोर द्या."

वर्ग ओरडला, "हार-*निस!*"

"रेघ मधे पडली बाई तुझी. पुसून एचच्या आधी काढ."

मुलीनं जीभ चावली, पुसलं. मुख्याध्यापिका बाई पहिल्यांदा हसल्या.

पाठ संपल्यावर आम्हाला व्हरांड्यात थांबवलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत न्हवते. पोरगी कॉलरचं बटन नुसतं फिरवत बसली. बऱ्याच वेळानं बाई बाहेर आल्या.

"सध्या तासिका तत्त्वावर घेता येईल. कायमचं पुढं बघू. सोमवारी याल?"

मी "हो" म्हणायला तोंड उघडलं, तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येईन मॅडम. पण पुस्तकांचे फोटो नकोत मला."

"मग काय हवं? सांगा, लिहून घेते," बाई म्हणाल्या, आणि खरंच पेन काढलं.

"टाइप केलेला मजकूर. एक रकाना संपला की दुसरा. नाउनचा नुसता एन नको, पूर्ण शब्द. तिरकं असेल तिथं आधी 'उदाहरण' लिहायचं, माझ्या फोनला तिरकं कळत न्हाई. उच्चाराच्या खुणा गाळायच्या न्हाईत."

"आणि?"

"पान जिथं बदललं तिथं, पान बदललं असं लिहायचं."

बाई लिहीत होत्या. मधेच थांबून त्यांनी विचारलं, "हे सगळं टाइप कोण करणार पण?"

दोघींनी तोंडं माझ्याकडं वळवली. मी म्हटलं, "मला टायपिंग येत न्हाई बाई." पोरगी म्हणाली, "शिकाल की."