मधल्या पायाची भाची

चपलांच्या दुकानात ती बावीस वर्षं विक्रेती होती, आणि सगळे तिला मावशी म्हणत. तिचा एकच मंत्र होता: पाय दोन नंबरांच्या मधला असेल तर मोठा नंबर घ्या. कुणी वाद घातला की मावशीचं डोकं फिरायचं.

आज मात्र तिची सख्खी भाची लंगडत दुकानात शिरली. हॉटेलच्या स्वागतकक्षात नवी नोकरी, आठ तास उभं राहणं, टाचेच्या सँडल सक्तीच्या. मावशीनेच काल तिला अडतीस नंबर दिला होता, कारण तिचा पाय सदतीस आणि अडतीसच्या मधला. सकाळी जिन्यात सँडल निसटली, सगळ्यांसमोर पाय मुरगळला. पाहुण्यांसमोर लंगडणारी मुलगी उद्या दिसली तर परवा येऊ नको, असं वरिष्ठ बाईंनी सांगून टाकलं होतं.

मावशी चिडली, आधी भाचीवर, मग सँडल बनवणाऱ्यांवर. मग तिने ती सँडल पुन्हा चढवून भाचीला चालायला लावलं. मागे पट्टा नाही, पुढे एकच रुंद पट्टी. उंच टाचेमुळे पाऊल पुढे घसरत होतं, बोटं पट्टीतून बाहेर डोकावत होती आणि टाचेमागे बोटभर जागा. तळाचा उंचवटाही पावलाच्या कमानीखाली न बसता मागे टाचेकडे टोचत होता. त्याच सँडलचा सदतीस चढवला तर पट्टीत पाऊल अडलं आणि टाचच मागे कडेवर लोंबकळली. अडतीसच्या तळाला जेल पॅड चिकटवलं, तेही सरकलं. आगीतून फुफाट्यात.

"मावशी, तू मला सँडल देतेस की माझ्यावर प्रयोग करतेस?" भाचीचे डोळे भरून आले होते.

मावशीला रागही आला आणि लाजही वाटली. तिने बुटक्या टाचेची सँडल काढली, सदतीसच. घोट्याला बकलचा पट्टा, पावलावर आवळता येणारी पट्टी, तळाला उंचवटा नाही. बंद बुटात हाच नंबर भाचीची बोटं दाबायचा. इथे पुढे भिंतच नव्हती, त्यामुळे अंगठा कडेच्या आत मोकळा बसला, टाच मागच्या काठाच्या आत. मावशीने बकल एक भोक आवळलं. भाची दारापर्यंत गेली, दुकानाचा जिना चढली, उतरली. सँडलमध्ये पाय जागचा हलला नाही.

"मग काल ही का नाही दिलीस?"

काल दुकानात गर्दी होती. मावशीने तिला स्टुलावर बसवून सँडल चढवली होती, अंगठ्यापुढे बोट टेकवून बघितलं होतं आणि खोका बांधून दिला होता.

"काल तुला उभंच केलं नाही गं," मावशी म्हणाली. "बावीस वर्षांत कितीजणींना बसवूनच माप बघून घरी पाठवलं, कोण जाणे."