डोमाच्या मागची गोकुळा

चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला, पठाणपुऱ्याकडे शफीचा फोटो स्टुडिओ होता. ही गोष्ट एकोणीसशे छप्पन-सत्तावनची. आता चांद्यात एकापेक्षा एक फोटोवाले झाले. तवा मात्र लग्न ठरलं की लोक आधी शफीकडे जायचे, मग न्हाव्याकडे.

त्याचा हातखंडा होता पाठीमागचं पुसण्यात. कुणाच्या मागे कुडाची भिंत असो की बांधलेली म्हैस, शफी निगेटिव्हवर बारीक ब्रशाने लाल रंग लावायचा. रंगातून उजेड जात नाही, म्हणून छापताना तेवढा कागद पांढराशुभ्र राहायचा. म्हैस गायब, नवरदेव ढगात! गिऱ्हाईक खूश.

एकदा रामाळा तलावावर त्याला एक फोटो गवसला. मासे धरणारा डोमा ढीवर गुडघाभर पाण्यात उभा, अंग धनुष्यासारखं वाकलेलं, आणि फेकलेलं जाळं हवेत फुलासारखं उघडलेलं. नागपूरच्या कॅमेरा क्लबाची स्पर्धा जाहीर झाली होती. नवरदेवांखेरीजही आपल्याला काही काढता येतं, हे एकदा तरी कुणीतरी म्हणावं, एवढीच शफीची हौस. निगेटिव्ह तयार होताच त्यानं सवयीनं लाल रंगाची बाटली उघडली आणि डोमाच्या मागचं सगळं झाकून टाकलं.

कापडवाले बाबूभाई इंग्रजी जाणायचे. ते स्पर्धेचं माहितीपत्रक घेऊन आले, आणि निगेटिव्ह उजेडात धरून हसले.

"शफीमियां, हे तर पहिल्याच दमात बाद! ऐका. फोटोच्या कडा कापलेल्या चालतील. छापताना एखादा भाग गडद-फिका केलेला चालेल. धुळीचे ठिपके भरलेले चालतील. पण निगेटिव्हवर रंग लावून काही झाकायचं नाही, दुसऱ्या निगेटिव्हमधलं काही जोडायचं नाही. फोटोत जे होतं ते राहिलं पाहिजे. आणि निवडलेल्या फोटोची निगेटिव्ह ते मागवून पाहतात."

"मंग मी पंधरा वर्षं काय करून राह्यलो?" शफी म्हणाला.

"नवरदेव उडवून राह्यले," आतून त्याची बायको शमसुन्निसा म्हणाली. "आता धुवा ते."

रंग पाण्याचा होता. ओल्या कापसानं अलगद पुसला, निगेटिव्ह वाळवली. नवी छाप काढली, तर डोमाच्या मागे, चिंचेच्या सावलीत, गोकुळा उभी! डोमाची बायको. गडद लुगडं, कमरेवर हात, तोंड उघडं. नवऱ्यावर ओरडत असलेली.

"तौबा," शफी म्हणाला. "डोळा आधी हिच्यावरच जाते. हिनं तर सगळं जाळंच खाल्लं."

कडा कापायच्या म्हटल्या तर जाळ्याचा घेर तुटत होता. मग नियमातलं गडद करणं त्याला आठवलं. फोटो मोठा छापायच्या एन्लार्जरखाली त्यानं पुठ्ठ्यानं डोमा आणि जाळं झाकून चिंचेच्या सावलीला जास्त उजेड दिला. कागदाला जितका जास्त उजेड, तितका तो काळा. छाप पाण्यातून निघाली, तर सावली काळीकुट्ट, आणि गोकुळा त्यात विरघळून गेलेली. ब्रश नाही, रंग नाही. फक्त उजेड.

शमसुन्निसानं दोन्ही छापा शेजारी ठेवल्या. "ही बाई कुठी गेली?"

"गडद केलं. चालते म्हणे."

"गडद करणं चालते. गायब करणं कुठी लिवलं?"

शफीनं दोन्ही छापा उचलून दोरीवर वाळत घातल्या. कुणी पकडणार होतं असं नाही. निगेटिव्हवर तर आता डागही नव्हता. पण जे काम तो लाल रंगानं करायचा, तेच त्यानं उजेडाकडून करवून घेतलं होतं. नियम मोडायला हत्यार बदललं, एवढंच.

मग त्यानं पुन्हा छाप घेतली. सावलीला उजेड कमी कमी देत गेला. सावली शांत झाली, डोळा आधी जाळ्यावर जाईल इतकी. पण गोकुळाचा हात, तिचं उघडं तोंड, लुगड्याचा काठ दिसत राहिला. तीच छाप त्यानं पोस्टात टाकली. सोबत चिठ्ठी: मागचा भाग छापताना गडद केला आहे, काही काढलं नाही.

महिन्याभरानं निगेटिव्ह मागवणारं पत्र आलं. मग बक्षीस आलं, तिसरं. परीक्षकांनी लिहिलं होतं, मागची बाई आहे म्हणून जाळं फेकणारा घाईत दिसतो.

शफीनं तशीच एक छाप काचेच्या चौकटीत बसवून दुकानात टांगली. डोमा-गोकुळा पाहायला आले. डोमा स्वतःच्या पाठीच्या बाकाकडे पाहत राहिला. गोकुळानं नाक काचेला लावलं.

"शफीभाऊ, मले येवढं काळं काऊन केलं?"

"सावलीत होतीस ना बाई."

"सावलीत होती, पण येवढी नोहती." ती डोमाकडे वळली. "पाहा, मी सांगून राह्यली होती का नाई, जाळं डावीकडे फेक म्हणून? पुरावा हाय!"

"मासे घावले होते," डोमा पुटपुटला.

"फोटोत मासे कुठी हायेत?"

शफीनं दोघांसाठी चहा मागवला.

त्यानंतरही लग्नाचे नवरदेव ढगात उडत राहिले. गिऱ्हाइकालाच ते हवं असे. फक्त शफी आधी विचारू लागला, "मागचं ठेवू का पुसू?"